शॉप फ्लोअरवरच्या मोबाईलचा नियम कसा लिहावा

रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांत एकच पाटी दिसते: ‘मोबाईल वापरण्यास सक्त मनाई’. तिच्याखालीच सुपरवायझर फोनवरून डिस्पॅचचा फोटो पाठवत असतो. शिफ्टचे बदल कंपनी व्हॉट्सॲप ग्रुपवरच कळवत असेल, तर कामगाराने फोन बघू नये असं सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून नियम लिहिण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा: कंपनीच्याच कामासाठी फोन कोण, कुठे आणि कशासाठी काढतो. ती कामं आधी फळ्यावर किंवा शिफ्ट ऑफिसच्या फोनवर आणा.

आता सीएनसी मशीन शॉपचं उदाहरण घेऊ. ‘मशीन चालू असताना फोन नको’ हे वाक्य अपुरं आहे, कारण चालू म्हणजे काय यावरच वाद होतो. फीड होल्ड दाबलं की टूल पुढे सरकायचं थांबतं, पण स्पिंडल फिरतच राहतं. पॉवर प्रेसची मोटर बंद केली तरी फ्लायव्हील काही वेळ फिरत असतं. म्हणून मजकूर असा हवा: ‘स्पिंडल किंवा फ्लायव्हील पूर्ण थांबल्यावर, पिवळ्या पट्ट्याबाहेरच्या ठरलेल्या जागी जाऊनच फोन हातात घ्यावा. कारण: नजर स्क्रीनवर असताना जॉबची किंवा हाताची जागा चुकते.’ कारण त्याच वाक्याला जोडून लिहा. ते परिशिष्टात गेलं की कोणी वाचत नाही. फोर्कलिफ्टच्या वाटेवर चालतानाही फोन नको, कारण वळणावरचा हॉर्न ऐकू यायला हवा.

थिनर आणि पेंट मिसळायच्या खोलीत मात्र कोणालाच सूट नाही, मॅनेजरलाही नाही. साध्या फोनला ज्वलनशील वाफेच्या जागेचं प्रमाणपत्र नसतं, हे कारण तिथे दारावरच लिहा.

सूट लिहिताना ‘महत्त्वाच्या कामासाठी’ हे शब्द टाळा. त्यात सगळंच बसतं. कोण, कुठे, काय करायला, एवढं स्पष्ट लिहा: ‘मेंटेनन्सचा माणूस पॅनेलचा पुरवठा बंद करून लॉक लावल्यावर, वायरी सोडण्याआधी जोडणीचा फोटो काढू शकतो.’ मधुमेह असलेल्या एखाद्या कामगाराचा साखरेचा सेन्सर फोनला जोडलेला असतो. त्याला फोन खिशात ठेवू द्या, आणि इशारा वाजला तर मशीन थांबवून बाजूला जाऊ द्या. त्याचं कारण नोटीस बोर्डावर लावू नका.

कामाच्या वेळी फोन लॉकरमध्येच ठेवायची अट घालायची असेल, तर सर्वांत मोठी अडचण घरच्या निरोपाची. लेकरू आजारी असेल तर फोन लॉकरमध्ये कोण ठेवेल? शिफ्ट ऑफिसचा एक नंबर प्रत्येकाच्या घरी पोचवा, आणि तिसऱ्या पाळीलाही तो उचलणारा माणूस नावानिशी नेमा. त्याने निरोप ताबडतोब मशीनपर्यंत पोचवावा. नियम लागू करण्याआधी रात्री दोन वाजता त्या नंबरवर फोन करून पाहा. तो उचलला गेला नाही, तर लॉकरची अट अजून घालू नका.