पात्या गयून रायल्या : एका व्हॉइस नोटचा लेखी मराठीपर्यंतचा प्रवास

(पडदा काळा. फक्त आवाज.)

"साहेब, औंदा पऱ्हाटी बरी होती. पन आता पात्या गयून रायल्या. काल इसेक बोंडं फोडून पाह्यले, तं तीन बोंडाइत अयी निंगाली. शेजारचा म्हन्ते, फवारा मारून टाक. मले काई समजून नाई रायलं. काय मारू, थे सांगजा."

(पडद्यावर कपाशीचं शेत.)

वऱ्हाडी वळणाची ही नोट आम्ही या फिल्मसाठी रचली आहे. पण कापसाच्या पट्ट्यात पीक सल्ल्यासाठी येणारे निरोप साधारण याच घडणीचे असतात. सल्ला देणारा माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, कधी दुसऱ्या राज्यातला असतो. तो ही नोट ऐकत नाही, तिचं लेखी रूप वाचतो. ते प्रमाण मराठीत असतं, नाहीतर इंग्रजीत. मधे बसलेला जो कोणी ऐकून लिहितो, त्याच्या हातात शेतकऱ्याचा अख्खा हंगाम असतो, असं म्हटलं तर ते फार होणार नाही.

ऐकलं की लगेच "शुद्ध" करून लिहायचं, ही आपल्या हाताची सवय. ती आधी मोडावी लागते. पहिला मसुदा बोलणाऱ्याच्या रूपात उतरवायचा. 'अयी' ऐकू आलं तर 'अयी'च लिहायचं, 'मले' तर 'मले'. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' येतो, 'ला'च्या जागी 'ले', आणि 'लोकांना'चं 'लोकाइले' होतं. हे एकदा कानात बसलं की 'बोंडाइत' म्हणजे 'बोंडांत', हे आपोआप कळतं. जिथे आवाज फाटला किंवा वाऱ्याने खाल्ला, तिथे अंदाज करायचा नाही. 'अस्पष्ट' असं लिहून पुढे सेकंदाचा आकडा टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणालाही तेवढाच तुकडा पुन्हा ऐकता येतो.

बोली जशीच्या तशी कागदावर आणायची ही पद्धत जुनी आहे. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भाषातज्ज्ञ जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींचे नमुने असेच मांडलेले आहेत. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यात लोकांची बोलणी ध्वनिमुद्रित केलेली आहेत. एखादं रूप आपल्या कानाला परकं वाटलं तर असे नमुने ताडून पाहता येतात. आणि त्या भागातला माणूस जवळ असेल, तर आधी त्यालाच विचारावं.

(पडद्यावर एकच ओळ : पात्या गयून रायल्या.)

आता या नोटेतला सगळ्यात नाजूक भाग. 'गयून रायल्या' याचा नुसता उच्चार बदलला, तर 'गळून राहिल्या' असं वाक्य मिळतं. प्रमाण मराठी वाचणाऱ्याला त्यातून वाटतं की पात्या गळल्या, प्रकार संपला. वऱ्हाडीत 'करून रायलो' म्हणजे 'करतो आहे'. रचना भूतकाळासारखी दिसते, पण काम अजून चालू असतं. म्हणून इथे 'पात्या गळत आहेत' हेच बरोबर. इंग्रजीतही चालू वर्तमानकाळच हवा. झालेलं नुकसान मोजायचं, की होत असलेलं थांबवायचं, हे याच एका क्रियापदावर ठरतं. शेवटी आलेलं 'समजून नाई रायलं' हेसुद्धा याच घडणीचं, म्हणजे 'समजत नाही'.

त्याच ओळीतला दुसरा सापळा 'पात्या'. शेतीशी संबंध नसलेला भाषांतरकार पातं, पात, पान अशा वाटेने जातो आणि इंग्रजीत 'लीव्हज' लिहून मोकळा होतो. कपाशीत पाती म्हणजे फूल उमलायच्या आधीची कळी. इंग्रजी शेतीशास्त्रात तिला 'स्क्वेअर' म्हणतात. पानगळ आणि पातेगळ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. वाक्य वाचायला गुळगुळीत आहे म्हणून ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही. तपासायचा एक साधा मार्ग म्हणजे भाषांतर त्या पिकाची माहिती असलेल्या माणसाला दाखवायचं आणि विचारायचं, 'झाडाचं नेमकं काय गळतंय?' त्याचं उत्तर मूळ आवाजाशी जुळलं नाही, तर शब्द चुकला.

(पडद्यावर फोडलेलं हिरवं बोंड.)

'इसेक' म्हणजे 'वीसेक', अंदाजे वीस. हा अंदाजाचा 'एक' घाईत गळतो, किंवा वीस अधिक एक करून एकवीस होतो. कधी 'इसेक' कळलंच नाही म्हणून सोडून दिलं जातं आणि कागदावर उरतं 'तीन बोंडांत अळी निघाली'. मग सल्लागाराला काहीच ठरवता येत नाही. हिरवी बोंडं फोडून पाहताना साधारण १० टक्के बोंडांत गुलाबी बोंडअळी सापडली, तर नियंत्रणाची वेळ आली असं मानतात. म्हणजे वीस बोंडांत दोन. इथे वीसेकात तीन आहेत, तेव्हा प्रमाण बहुधा त्या रेषेच्या वर जातं. 'बहुधा' हे शेतकऱ्याने स्वतःच्या बोलण्यात ठेवलंय, आपण ते पुसायचं नाही.

पण बघा, तो नुसतं 'अयी' म्हणाला. 'गुलाबी' म्हणालेला नाही. माहीतगार भाषांतरकाराचा हात इथेच शिवशिवतो. तो लिहितो, 'गुलाबी बोंडअळीमुळे पात्या गळत आहेत.' वाक्य नेटकं झालं, पण रोगनिदान भाषांतरकाराने केलं. मूळ बोलण्यात पातेगळ आणि अळी या दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, त्यांना 'मुळे' जोडलेलं नाही. पाण्याच्या ताणानेही पात्या गळतात, पावसाची झड लागली तरी गळतात. म्हणून दोन वाक्यं दोनच ठेवायची. तसंच 'शेजारचा म्हन्ते' हेही. ते गाळलं की फवारणीचा विचार शेतकऱ्याचा स्वतःचा वाटू लागतो, आणि तो तर सरळ सांगतोय की त्याला काही सुचत नाहीये.

(पडद्यावर दुसरा मसुदा.)

"साहेब, यंदा कपाशी बरी होती. पण आता पात्या गळत आहेत. काल वीसेक बोंडे फोडून पाहिली, तर तीन बोंडांत अळी निघाली. शेजारी म्हणतो, फवारा मारून टाक. मला काही समजत नाही. काय फवारायचे, ते सांगा."

इंग्रजी करायचं असेल तर माझं मत असं, की ते या मसुद्यावरून करू नये. पहिला, बोलीतला मसुदा समोर ठेवूनच करावं. प्रमाण रूपात एखादी गोष्ट सुटली असेल, तर ती इंग्रजीत दुसऱ्यांदा सुटायला नको. 'सांगजा' मधला आदर आणि आर्जव इंग्रजीत पूर्ण येत नाही. तिथे विनंतीचा साधा शब्द घालून पुढे जावं, त्यापायी वाक्य फुगवू नये.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मसुद्यात सापडत नाही. 'काल' म्हणजे कोणती तारीख? नोट पुढे पाठवलेली असेल तर आपल्या फोनवर दिसते ती आपल्याला पाठवल्याची वेळ. रेकॉर्ड झाली कधी, ते वेगळं विचारावं लागतं. विचारायचंच आहे तर आणखी दोन प्रश्न जोडावेत : गळालेल्या पातीला भोक आहे का, आणि अळीचा रंग कोणता?

उत्तराचा उलटा प्रवासही याच माणसाकडून होतो. सल्लागाराने इंग्रजीत 'स्क्वेअर' लिहिलं असेल, तर शेतकऱ्याला परत पाठवायच्या आवाजात 'पात्या' आणि 'पऱ्हाटी' हेच शब्द यायला हवेत. आपल्याला येत नसेल तर वऱ्हाडी हेल काढायची गरज नाही. साध्या मराठीत, सावकाश, औषधाचं नाव आणि मात्रा दोनदा सांगावी, आणि तेच आकडे खाली लिहूनही पाठवावेत.