बँकेकडून कागद आले नाहीत, नोंदणीची तारीख जवळ आली

श्रोतेहो, नमस्कार.

मी पुण्यात वकिली करते आणि घराच्या खरेदी-विक्रीचे दस्त तयार करणं हे माझं रोजचं काम आहे. आज मी फक्त एका निरोपाबद्दल बोलणार आहे. फ्लॅट विकणाऱ्याने घरावरचं कर्ज फेडलंय, पण बँकेकडून मूळ कागद हातात आलेले नाहीत, आणि नोंदणीची ठरलेली तारीख आठवड्यावर आली आहे. अशा वेळी घेणाऱ्याकडून आणखी थोडे आठवडे मागायचे असतात. तो निरोप काय लिहायचा आणि त्याआधी काय शोधून काढायचं, हे एका उदाहरणावरून सांगते.

गोष्ट 2025 च्या फेब्रुवारीतली. कोथरूडमधल्या एका निवृत्त शिक्षिका आपला फ्लॅट 72 लाखांना विकत होत्या. घेणारे नवरा-बायको तरुण, दोघंही नोकरी करणारे, स्वतः कर्ज काढून घर घेणारे. 6 जानेवारीला इसारपावती झाली, 5 लाख इसार दिला गेला आणि 28 फेब्रुवारीपर्यंत नोंदणी करायची असं ठरलं. बाईंच्या कर्जाचे साधारण साडेअकरा लाख बाकी होते. ते त्यांनी मुदत ठेव मोडून 20 जानेवारीला एकरकमी भरले. त्यांना वाटलं, आपलं काम झालं.

19 फेब्रुवारीच्या संध्याकाळी त्यांच्या यजमानांनी घेणाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅप केलं, ‘बँकेच्या कागदांना उशीर होत आहे, कृपया काही दिवस थांबावे.’ थोड्याच वेळात उत्तर आलं, ‘काका, कर्ज खरंच फिटलंय ना?’

ते उत्तर वाचून बाई रात्रभर झोपल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना राग आला होता, दुखावल्याही होत्या. मी त्यांना म्हटलं, त्या मुलांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. ‘काही दिवस’ म्हणजे किती? कुठला कागद? पैसे भरले याचा पुरावा काय? निरोपात यातलं काहीच नव्हतं. ज्यांचे पाच लाख गुंतलेले असतात, ते अशा वेळी सगळ्यात वाईट शक्यता आधी धरतात.

तेव्हा पहिलं काम निरोप लिहिण्याचं नव्हतंच. कागद नेमका कुठे अडकलाय, ते शोधायचं होतं. कर्ज बंद होताना तीन वेगळ्या गोष्टी व्हाव्या लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे कर्जखातं बंद होऊन काही बाकी नसल्याचं पत्र मिळणं. हे बहुतेक वेळा लवकर मिळतं. दुसरी, घराचे मूळ कागद परत मिळणं. बांधकाम व्यावसायिकाबरोबरचा मूळ करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा, हे कागद सहसा शाखेत नसतातच. ते बँकेच्या मध्यवर्ती गोदामात असतात आणि तिथून मागवावे लागतात. तिसरी गोष्ट, सेरसाई नावाच्या केंद्रीय नोंदवहीतून त्या घरावरचा बोजा उतरवणं. घेणाऱ्याची बँक कर्जाचे पैसे सोडण्याआधी ही नोंदवही बघते. जुना बोजा तिथे दिसला तर ती हात आखडता घेते, मग विकणाऱ्याकडे बाकी नसल्याचं पत्र असो वा नसो.

या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 ला नियम काढला आणि तो त्या वर्षीच्या 1 डिसेंबरपासून लागू झाला. कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजाही उतरवायचा. उशीर बँकेच्या बाजूने झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये कर्जदाराला द्यायचे. बाईंना हे ठाऊक नव्हतं. 20 जानेवारीपासून 30 दिवस मोजले तर 19 फेब्रुवारीला मुदत संपली होती. त्या माझ्यासमोर बसल्या होत्या तो उशिराचा पहिला दिवस होता.

पण याच नियमात एक फरक आहे, आणि किती आठवडे मागायचे ते त्याच्यावर ठरतं. कागद वाटेत आहेत की हरवलेत? हरवले किंवा खराब झाले असतील तर बँकेला आणखी 30 दिवस मिळतात, आणि नोंदणीकृत कागदांच्या प्रमाणित नकला काढून देण्यात मदत करून त्याचा खर्चही बँकेनेच करायचा असतो. तिथे रोजची भरपाई 60 दिवसांनंतर सुरू होते. शिवाय मूळ कागद नसताना नुसत्या नकलांवर घेणाऱ्याची बँक कर्ज देईल का, हा वेगळाच प्रश्न. अशा वेळी तीन आठवडे मागणं म्हणजे घेणाऱ्याला फसवणंच होईल. म्हणून शाखेत जाऊन ‘कधी मिळतील’ हे नंतर विचारावं. आधी विचारावं, ‘सापडलेत का?’

बाई त्याच दुपारी शाखेत गेल्या. तिथे कळलं की त्यांची मूळ बँक काही वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत विलीन झाली, त्यात कर्जखात्याचा क्रमांक बदलला आणि गोदामातल्या पाकिटावर मात्र जुनाच क्रमांक राहिला. नव्या क्रमांकाने मागणी गेली, पाकीट सापडलं नाही, आणि मागणी परत आली ते कुणी बाईंना कळवलंच नाही. आता जुन्या क्रमांकाने पाकीट सापडलं होतं. 5 मार्चपर्यंत शाखेत येईल, असं अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितलं. बाई शिक्षिकाच. त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. ‘हे एवढंच ईमेलवर लिहून द्या,’ म्हणाल्या. वीस मिनिटांत ईमेल आला.

मग तारीख ठरवायची. 5 मार्च ही बँकेची तारीख. तिच्यावर एक आठवडा मी कायम जास्तीचा धरते, कारण एकदा चुकलेली तारीख दुसऱ्यांदाही चुकते. त्यानंतर घेणाऱ्याच्या वकिलाला आणि बँकेला कागद तपासायला आठ-नऊ दिवस. असं करत आम्ही 21 मार्चवर आलो. यजमान म्हणत होते, 10 मार्च सांगू, म्हणजे ती मुलं कमी घाबरतील. मी नको म्हटलं. दोनदा मुदत मागण्यापेक्षा एकदाच पुरेशी मागावी.

21 मार्चच्या पुढे मात्र आम्हाला जायचं नव्हतं. सरकार घराचं मूल्य ज्यावरून काढतं ते वार्षिक बाजारमूल्य दर 1 एप्रिलला बदलू शकतात. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि सरकारी मूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. या फ्लॅटचं सरकारी मूल्य 71 लाख होतं, म्हणजे 72 लाखांच्या अगदी जवळ. ते समजा 4 टक्क्यांनी वाढलं असतं तर 73 लाख 84 हजार झालं असतं, आणि पुणे महापालिका हद्दीतल्या 7 टक्के दराने त्या मुलांना 12,880 रुपये जास्त भरावे लागले असते. त्या वर्षी 1 एप्रिलला दर खरोखरच वाढले.

मग बाईंनी निरोप लिहिला. तो जसाच्या तसा वाचून दाखवते.

‘नमस्कार. 28 फेब्रुवारीला नोंदणी करणं आम्हाला शक्य होणार नाही, हे आधी स्पष्ट सांगते. आमचं कर्ज 20 जानेवारीला पूर्ण फेडलं आहे. बाकी नसल्याचं बँकेचं पत्र सोबत पाठवते आहे. मूळ कागद गोदामातून शाखेत यायचे आहेत. ते सापडले आहेत आणि 5 मार्चपर्यंत येतील, असं बँकेने आज ईमेलने कळवलं आहे. तो ईमेलही सोबत आहे. म्हणून 21 मार्चपर्यंत मुदत वाढवून द्यावी, ही विनंती. कागद मिळतील त्याच दिवशी तुमच्या वकिलांना दाखवेन. या उशिरामुळे तुम्हाला एक महिना भाड्याच्या घरात जास्त राहावं लागलं तर ते 19 हजार रुपये आम्ही देऊ. तुमच्या कर्जमंजुरीची मुदत कधी संपते, ते कळवा. कागद मिळेपर्यंत मुद्रांक शुल्क भरू नका. 21 मार्चलाही आमच्याकडून झालं नाही आणि तुम्हाला थांबायचं नसेल, तर इसाराचे पाच लाख सात दिवसांत परत करू.’

शेवटच्या वाक्यावरून घरात वाद झाला. यजमानांना वाटलं, आपणच त्यांना बाहेर पडायची वाट दाखवतोय. बाई म्हणाल्या, ‘ती वाट त्यांना मिळायला हवी. उशीर आपल्याकडून होतोय.’ मला त्यांचं म्हणणं पटलं. माझा अनुभव असा की पैसे परत मिळणार हे लिहून मिळालं की घेणारा शांतपणे थांबतो.

मुद्रांक शुल्क भरू नका, हे का लिहिलं? कारण कागद हाती नसताना पाच लाख चार हजार रुपये सरकारजमा करून बसायचं आणि सौदा फिसकटला तर परताव्यासाठी अर्ज करत फिरायचं, ही वेळ त्या मुलांवर यायला नको. काही जण सुचवतात की दस्तावर सह्या आत्ता करून ठेवू, नोंदणी नंतर करू. तेही करू नका. सही झाल्या दिवसापासून नोंदणीचे चार महिने मोजायला लागतात, आणि मूळ कागद न बघता घेणाऱ्याने सही करणं मला मुळीच मान्य नाही.

मुलांनी त्याच रात्री होकार कळवला. त्यांच्या कर्जमंजुरीची मुदत 31 मार्चची होती, म्हणजे 21 तारीख चालणार होती. पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या होकारावर आम्ही थांबलो नाही. मूळ इसारपावतीत 28 फेब्रुवारी ही तारीख होती आणि त्या तारखेला व्यवहार झाला नाही तर इसार जप्त किंवा परत, अशी अटही होती. म्हणून 500 रुपयांच्या मुद्रांकावर एका पानाचं मुदतवाढ पत्र केलं. त्यात जुनी तारीख, नवी तारीख, भाड्याची जबाबदारी आणि ‘बाकी सर्व अटी कायम’ एवढंच लिहिलं. दोन्ही बाजूंच्या सह्या, दोन साक्षीदार. हे 28 फेब्रुवारीच्या आत झालं. मुदत उलटून गेल्यावर मागितलेली वाढ आणि मुदतीत मागितलेली वाढ यांत फार फरक पडतो, मनालाही आणि कायद्यालाही.

पाकीट 6 मार्चला आलं. मी बाईंना सांगितलं होतं की शाखेतच बसून, कर्ज घेताना बँकेने दिलेल्या कागदांच्या यादीशी एकेक पान ताडून बघा आणि मगच पोच द्या. करारनामा होता, कोपऱ्याला हिरवा टॅग, पहिल्या पानावर जांभळा फिकट शिक्का. सूची दोन होती. नोंदणीची पावती मात्र दिसेना. बाईंनी पोचेवर सही करायला नकार दिला. अर्ध्या तासाने ती पावती करारनाम्याच्या मागच्या पानाला चिकटलेली सापडली. बोजा उतरल्याचा सेरसाईचा उताराही त्यांनी तेव्हाच मागून घेतला.

मग बँकेला भरपाईचा अर्ज केला. 20 फेब्रुवारी ते 6 मार्च हे 15 दिवस, म्हणजे 75,000 रुपये. त्यासाठी दोन स्मरणपत्रं पाठवावी लागली, पण एप्रिलच्या शेवटी रक्कम खात्यात जमा झाली.

नोंदणी 20 मार्चला झाली. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून बाईंनी 19 हजारांचा धनादेश लिहिला आणि त्या मुलीच्या हातात दिला. ती म्हणाली, ‘काकू, राहू दे ना.’ बाई म्हणाल्या, ‘पत्रात लिहिलंय, घे.’

नमस्कार.