यालू नदीच्या दोन काठांवर

अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांशी थेट कधीच लढले नाहीत, असं आपण नेहमी ऐकतो. ते पूर्ण खरं नाही. १९५० ते १९५३ या काळात, कोरियन युद्धात, कोरियाच्या आकाशात त्यांचे वैमानिक एकमेकांची विमानं पाडत होते. ही गोष्ट लपवली मात्र दोघांनीही, आणि आज मला त्या लपवण्याबद्दलच बोलायचं आहे.

नोव्हेंबर १९५० पासून सोव्हिएत वैमानिक मिग-१५ ही लढाऊ जेट विमानं घेऊन उत्तर कोरिया आणि चीनच्या बाजूने लढाईत उतरले. त्यांचे तळ होते चीनच्या हद्दीत, चीन आणि कोरियाच्या सीमेवरून वाहणाऱ्या यालू नदीलगतच्या आंतुंग परिसरात. विमानांवर चिनी किंवा उत्तर कोरियाची चिन्हं, अंगावर चिनी गणवेश. रेडिओवर रशियन बोलायचं नाही, असा हुकूम होता. पण जीवावर बेतल्यावर माणूस आपल्याच भाषेत ओरडतो, आणि तो हुकूम टिकला नाही. समुद्रावर जायचं नाही, आघाडीच्या जवळ जायचं नाही, हेही बजावलेलं होतं, कारण एखादा वैमानिक जिवंत सापडला तर सगळंच उघडं पडलं असतं.

अमेरिकेला हे कळलं नव्हतं का? चांगलंच कळलं होतं. रेडिओवरची रशियन त्यांची माणसं ऐकत होती. तरी वॉशिंग्टनने तोंड उघडलं नाही. उघडपणे सांगितलं असतं, तर ‘मग रशियाला उत्तर द्या’ अशी मागणी देशातूनच उठली असती. सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये अणुचाचणी केली होती. त्यांच्याकडे बॉम्ब अजून मोजकेच होते, पण त्यांचं प्रचंड भूदल युरोपच्या उंबरठ्यावर उभं होतं. युद्ध तिथवर गेलं तर ते आवरणार कोण, हा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापुढचा प्रश्न होता. चीनपर्यंत युद्ध वाढवा म्हणणाऱ्या, कोरियातले सेनापती जनरल मॅकआर्थर यांना त्यांनी एप्रिल १९५१ मध्ये पदावरून काढलं, ते उगाच नाही.

प्रॉक्सी युद्ध, म्हणजे दोन महासत्तांनी दुसऱ्यांच्या आडून लढलेलं युद्ध, चालतं ते अशा न बोलता पाळलेल्या मर्यादांवर. अफगाणिस्तानातही अमेरिकेने आधी सोव्हिएत सैन्याशी लढणाऱ्या मुजाहिदीनांना मुद्दाम सोव्हिएत बनावटीची शस्त्रं पुरवली. उघडउघड अमेरिकी असलेलं स्टिंगर क्षेपणास्त्र तिथे वापरात आलं ते थेट १९८६ मध्ये.

या मर्यादांनी वाचवलं कोणाला, हे यालूच्या काठावर दिसतं. नदीवरचे पूल पाडताना फक्त कोरियाकडचं टोक उडवा, असा अमेरिकी वैमानिकांना आदेश होता. उत्तरेकडच्या आंतुंगच्या धावपट्टीवरून मिग उडताना त्यांना दिसत, पण तिथे बॉम्ब टाकायला बंदी होती. समोरच, दक्षिण काठावर, सिनुइजू हे कोरियन शहर होतं. ८ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बफेकी विमानांनी त्याच्यावर आग लावणारे बॉम्ब टाकले आणि शहराचा मोठा भाग जाळून टाकला.