इंग्रजी मथळ्यातील गाळलेले शब्द

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजी वर्तमानपत्रातील बातमी सावकाश वाचली तर कळते, पण तिच्यावरचा पाच-सहा शब्दांचा मथळा मात्र कळत नाही, अशी तक्रार करणारे वाचक मला नेहमी भेटतात. मथळ्यातले सगळे शब्द ओळखीचे असतात, म्हणून तर ही अडचण अधिक बोचते. आज मी तिच्यातील एकाच गाठीविषयी बोलणार आहे.

इंग्रजी मथळ्यात ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही उपपदे गाळतात आणि ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘हॅज बीन’ ही साहाय्यक क्रियापदेही गाळतात. घडून गेलेली गोष्ट साध्या वर्तमानकाळात लिहितात आणि घडणार असलेली गोष्ट नुसत्या ‘टू’ने दाखवतात. ‘मिनिस्टर टू व्हिजिट नाशिक’ म्हणजे मंत्री नाशिकला जाणार आहेत.

आता उदाहरणादाखल मी तयार केलेला एक मथळा ऐका : ‘टू हेल्ड इन एटीएम थेफ्ट बिड, थर्ड फ्लीज’. ‘होल्ड’ म्हणजे धरणे आणि ‘हेल्ड’ हे त्याचे भूतकाळी रूप, हे शाळेत पाठ झालेले असते. त्यामुळे दोघांनी काहीतरी धरले, असा अर्थ लावून वाचक पुढे सरकतो आणि पुढच्याच शब्दावर अडतो. वास्तविक भूतकाळातील कृतीसाठी मथळ्यात वर्तमानकाळ वापरतात, हे आपण आत्ताच पाहिले. मग ‘हेल्ड’ हे रूप तिथे आले कसे? ते क्रियापदाचे तिसरे रूप आहे आणि त्याच्या आधीचे ‘हॅव बीन’ गाळलेले आहे. दोघांनी कोणाला धरलेले नाही, दोघांनाच धरले आहे. उलट ‘फ्लीज’ हा वर्तमानकाळ आहे, म्हणून तिसरा स्वतः पळाला. ‘बिड’ म्हणजे इथे लिलावातली बोली नव्हे, प्रयत्न. शेवटी ‘एटीएम थेफ्ट बिड’ ही नामांची माळ उजवीकडून उलगडायची : प्रयत्न, कशाचा, तर चोरीचा, चोरी कुठली, तर एटीएममधली.

हीच बातमी मराठीत ‘एटीएममध्ये चोरीचा प्रयत्न, दोघांना अटक, तिसरा पसार’ अशी छापली जाईल. मराठीनेही क्रियापद गाळलेच, पण ‘दोघांना’मधला ‘ना’ जागेवर राहिला आणि त्याने सगळा उलगडा केला. आपल्या नामांना विभक्ती चिकटलेली असते, म्हणून क्रियापद गेले तरी कोणी केले आणि कोणाला केले हे हरवत नाही. इंग्रजी नामाजवळ ती सोय नाही. मराठी वाचक इथे चकतो त्याचे कारण, माझ्या मते, शब्दसंग्रहापेक्षा हेच अधिक आहे.

‘हिट’, ‘कट’, ‘पुट’ अशा क्रियापदांची तिन्ही रूपे सारखीच असल्यामुळे तिथे रूपावरून काहीच ठरत नाही. ‘रेन्स हिट लोकल ट्रेन्स’ म्हणजे पावसाने लोकल गाड्यांना फटका दिला. ‘लोकल ट्रेन्स हिट’ म्हणजे लोकल गाड्यांना फटका बसला. अशा वेळी क्रियापदाच्या पुढे पाहावे. फटका ज्याला बसला असे नाम पुढे असेल तर आधीचे नाम कर्ता समजावे. पुढे काहीच नसेल, किंवा ‘बाय’ अथवा ‘इन’ असेल, तर आधीच्याच नामाला फटका बसला आहे.

ही खूणही कधीकधी फसते. 1985 साली जपान एअरलाइन्सचे विमान कोसळून 520 माणसे मृत्युमुखी पडली. त्या अपघातात वडील गमावलेल्या एका व्हायोलिनवादिकेविषयी 2009 साली मथळा आला : ‘व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स’. वाचणाऱ्याला वाटते, ‘क्रॅश ब्लॉसम्स’ नावाची काही वस्तू आहे आणि तिच्याशी या बाईंचा संबंध जोडला गेला आहे. प्रत्यक्षात ‘ब्लॉसम्स’ हेच मुख्य क्रियापद आहे : अपघाताशी नाते असलेली वादिका बहरते आहे. ‘बहर’ आणि ‘बहरते’ यांची आपण कधी गल्लत करत नाही. इंग्रजीत मात्र शेवटचा ‘एस’ नामाचे अनेकवचनही दाखवतो आणि क्रियापदाचे एकवचनही. संपादनाचे काम करणाऱ्या मंडळींनी पुढे अशा फसव्या मथळ्यांनाच ‘क्रॅश ब्लॉसम्स’ असे नाव देऊन टाकले.

असा मथळा समोर आला की शेवटच्या ‘एस’वाल्या शब्दाला एकदा क्रियापद मानून पाहावे, मग गाळलेले शब्द पेन्सिलीने भरून पूर्ण वाक्य लिहावे आणि ते बातमीच्या पहिल्या वाक्याशी ताडून पाहावे, कारण तिथे उपपदे आणि साहाय्यक क्रियापदे सगळी परत आलेली असतात.