खुर्ची कुठे ठेवायची?

[दृश्य: रिकामी खोली. मधोमध एक स्टूल. ट्रायपॉड अजून मिटलेलाच.]

या खोलीत आज एक मुलाखत होणार आहे. जुनी, फाटलेली पुस्तकं पुन्हा बांधून देणाऱ्या एका आजोबांची. पन्नास वर्षं हेच काम केलं, आणि आता ते थांबवणार आहेत. हात थरथरतो, सुईत दोरा ओवला जात नाही. आपल्याला हे त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे.

कॅमेरा अजून बॅगेत आहे, आणि तो थोडा वेळ बॅगेतच राहू दे. मी आधी दोन खुर्च्यांच्या जागा ठरवते. एक आजोबांची, दुसरी प्रश्न विचारणाऱ्याची. ही दुसरी खुर्ची चित्रात कधीच दिसत नाही, पण आजोबा कुठे बघणार हे तीच ठरवते. आणि ते कुठे बघतात त्यावर फ्रेममधली मोकळी जागा ठरते.

[दृश्य: खोलीभर सावकाश फिरणारा कॅमेरा. खिडकी, कॅलेंडर, मग कामाचं टेबल.]

आजोबांच्या मागे काय असावं? खिडकीकडे पाठ केली, तर बाहेरचा उजेड चेहऱ्याला काळं करून टाकेल. कॅलेंडरच्या भिंतीपुढे बसवलं, तर ते कुणीही असू शकतात, निवृत्त कारकून किंवा शेजारचे काका. तिसऱ्या बाजूला कामाचं टेबल आहे. त्यावर पुस्तक दाबून ठेवायचा लोखंडी प्रेस, शेजारी पाठ उसवलेल्या पुस्तकांची चळत. पार्श्वभूमी निवडताना मी एक साधी परीक्षा घेते. आवाज बंद करून हे चित्र पाहिलं, तर माणूस काय करतो ते कळेल का? इथे कळतं.

पण टेबलाला टेकून बसवायचं नाही. माणूस सामानाला चिकटला की सामानही त्याच्याइतकंच ठसठशीत दिसतं. स्टूल टेबलापासून निदान 2 मीटर पुढे ओढायचं. खोली लहान असेल तर कॅमेरा दारात न्यायचा, प्रसंगी दाराबाहेर.

[दृश्य: एकाच चेहऱ्याच्या दोन फ्रेम, एकामागोमाग एक.]

हे नीट पाहा. पहिली फ्रेम 35 मिलिमीटरच्या लेन्सने, 1 मीटरवरून घेतली आहे. चेहरा हवा तेवढा मोठा आहे, पण मागे टेबलही आलं, खिडकीचा कोपराही आला आणि कॅलेंडरही डोकावलं. दुसरी फ्रेम 85 मिलिमीटरच्या लेन्सने, मागे जाऊन जवळजवळ अडीच मीटरवरून घेतली. चेहरा तेवढाच आहे, मागे मात्र फक्त प्रेस आणि पुस्तकं उरली. मागची गर्दी कमी करायला सामान हलवावं लागलं नाही, आपण मागे सरकलो.

लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मी f/2.8 किंवा f/4 च्या आसपास ठेवते. त्याहून फार उघडलं, तर प्रेसचा नुसता करडा डाग होतो. मग तो निवडण्यात एवढा वेळ कशाला घालवला? शिवाय आजोबा बोलता बोलता पुढे झुकले की डोळे फोकसमधून निसटतात.

[दृश्य: आजोबा बसले आहेत. कॅमेऱ्याच्या डावीकडे दुसरी खुर्ची येते.]

आता ती दुसरी खुर्ची. खिडकी डाव्या हाताला आहे, म्हणून प्रश्न विचारणाराही कॅमेऱ्याच्या डावीकडेच बसेल. आजोबा त्याच्याकडे वळले की चेहऱ्याची कॅमेऱ्यापासून लांबची बाजू उजळते आणि आपल्याकडचा गाल हलक्या सावलीत राहतो. सुरकुत्यांना, गालांच्या हाडांना आकार येतो.

नजर डावीकडे, म्हणून आजोबा फ्रेमच्या उजव्या तृतीयांशात. नाकासमोर डावीकडे मोकळी जागा, म्हणजेच नोज रूम. डोळे वरच्या तृतीयांश रेषेवर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ग्रिड लावली की या रेषा समोरच दिसतात. नोज रूम म्हणजे वाया गेलेली जागा नाही. आपण प्रेस नेमका तिथे येऊ दिला आहे, किंचित धूसर.

[दृश्य: तोच शॉट, पण चेहरा डाव्या कडेला, नाक फ्रेमला भिडलेलं.]

आणि हे उलटं. नजर डावीकडेच, पण माणूस फ्रेमच्या डाव्या कडेला. समोर भिंत आल्यासारखं वाटतं, पाठीमागची मोठी रिकामी जागा टोचते. कोंडमारा सांगायचा असेल तेव्हा ही रचना मुद्दाम करतात. आजोबांचा तर कोंडमारा झालेला नाही. त्यांना असं दाखवलं, तर त्यांनी न सांगितलेली गोष्ट आपण सांगतो.

[दृश्य: प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं आणि लेन्स, शेजारी शेजारी.]

प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं लेन्सपासून साधारण 30 सेंटिमीटरवर हवं, कॅमेऱ्याच्या रेषेत. इथून आजोबांचे दोन्ही डोळे दिसतात. पण मुलाखत रंगली की माणूस नकळत खुर्ची पुढे ओढतो. खुर्ची मीटरभर पुढे आणि थोडी बाजूला गेली, की आजोबांची मान वळत जाते. पलीकडचा डोळा नाकाआड जाऊ लागला की समजायचं, खुर्ची हलली आहे.

उंचीचंही तसंच. लेन्स, प्रश्न विचारणाऱ्याचे डोळे आणि आजोबांचे डोळे एका पातळीत हवेत. माझ्या सुरुवातीच्या एका मुलाखतीत मी उभी राहूनच प्रश्न विचारले होते. घरी येऊन पाहिलं, तर समोरच्या बाईंचे डोळे सतत वर. बुबुळाखालचं पांढरं दिसत होतं, जणू त्या कुणाची तरी विनवणी करत होत्या. त्या तर ठामपणे बोलत होत्या. तेव्हापासून आजोबांसारखे कुणी बुटक्या स्टुलावर बसले, की मी आधी त्यांच्याखाली उशी सरकवते आणि मग स्वतः बसते.

आणखी एक. प्रश्न एकानेच विचारायचे. मधेच कॅमेरामनने काही विचारलं की उत्तर देणारा तिकडे बघतो, आणि ती एक झेप संपादनात लपत नाही. दुभाषा लागणार असेल, तर त्याला प्रश्न विचारणाऱ्याच्या अगदी मागे बसवायचं, म्हणजे नजर त्याच दिशेला राहते.

[दृश्य: फ्रेम स्थिर. आजोबांच्या डोक्यामागे टेबलावरच्या दिव्याचा दांडा.]

रेकॉर्ड दाबण्याआधी चेहऱ्याकडे न बघता फ्रेमच्या कडा बघायच्या. हा दांडा सरळ आजोबांच्या डोक्यातून उगवलाय. दिवा हलवायची गरज नाही, कॅमेरा वीतभर बाजूला घेतला की दांडा डोक्यापासून सुटतो. फळीची आडवी कडा मानेतून जात होती, ती ट्रायपॉड थोडा खाली घेतल्यावर खांद्यामागे गेली. भिंतीवर घड्याळ असेल तर ते उतरवायचं, कारण संपादनात उत्तरं मागेपुढे होतात आणि काटे उड्या मारतात.

[दृश्य: दुसऱ्या दिवशीची फ्रेम. तरुण माणूस, फ्रेमच्या डावीकडे, नजर उजवीकडे.]

हा आजोबांचा शिष्य. त्याने हे काम सोडलं, आणि त्याची बाजू वेगळी आहे. म्हणून त्याच्यासाठी खुर्ची कॅमेऱ्याच्या उजवीकडे मांडली. आजोबा डावीकडे बघतात, हा उजवीकडे. दोन शॉट जोडले की दोघं एकमेकांना उत्तर देत आहेत असं वाटतं. दोघंही डावीकडे बघत असते, तर एकाच तिसऱ्या माणसाकडे तक्रार करत बसल्यासारखे दिसले असते.

[दृश्य: जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा.]

दुपारी आजोबा चहाला उठतात. उठण्याआधी आम्ही स्टुलाच्या, खुर्चीच्या आणि ट्रायपॉडच्या पायांभोवती चिकटपट्टी लावतो. तासाभराने ते परत येऊन बसतात, खुर्ची खुणेवर सरकते, आणि सकाळी अर्धवट राहिलेलं वाक्य ते तिथूनच पुढे बोलू लागतात.