ब्रेकमधलं तेल आणि ब्रेकमधलं रबर

(हौशी सायकलस्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

इथं टेबलावर काचेची एक बरणी ठेवली आहे, तिच्याकडे एकदा नीट बघा. सकाळी मी तिच्यात दोन द्रव निम्मे निम्मे ओतले, झाकण लावलं आणि चांगलं घुसळलं. तेव्हा सगळं दुधाळ, गढूळ झालं होतं. आता बघा, वर गुलाबी थर आहे आणि खाली फिकट पिवळसर. सायकलच्या ब्रेकमध्ये या दोन जातींपैकी एकच चालते, आणि चुकून दुसरी गेली तर काय होतं तेच आज बघायचं आहे. वरचं ब्रेक बनवणाऱ्या शिमानो कंपनीचं मिनरल ऑईल, खालचं मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलेलं डॉट ४ ब्रेक फ्लुइड. हे दुसरं ग्लायकॉल जातीचं असतं आणि मिनरल ऑईलपेक्षा जड असतं, म्हणून तळाला गेलं. दोघांचं जमत नाही हे डोळ्यांना दिसतंय. पण एवढ्यावरूनच कुणी म्हणेल की ब्रेकमध्येही ते असेच थर करून बसतील आणि म्हणून ब्रेक लागणार नाही, तर तसं होत नाही. द्रव कुठलाही असो, दाबला जात नाही, त्यामुळे दाब पुढे पोचतोच. ब्रेक लागतो. पहिल्या दिवशी तर छानच लागतो. खरं दुखणं रबराचं आहे, आणि आज मी मुख्यतः रबराबद्दलच बोलणार आहे.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये रबर दोन मोक्याच्या जागी असतं. एक हँडलवरच्या लिव्हरमध्ये आणि दुसरं खाली चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाच्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या भागात. लिव्हर दाबली की आतला छोटा पिस्टन सरकतो. त्याच्यावर रबराचं सील असतं. लिव्हरमध्ये तेलाची एक छोटी टाकीही असते आणि टाकीतून सिलिंडरमध्ये उतरणारं अगदी बारीक भोक असतं. पिस्टन सरकताना सील त्या भोकाच्या पुढे जातं, टाकीचा रस्ता बंद होतो आणि मग पाईपमध्ये दाब तयार होतो. लिव्हर सोडली की पिस्टन मागे येतो आणि भोक पुन्हा उघडतं. हे उघडणं फार महत्त्वाचं. लांब उतारावर ब्रेक तापतो, तेल तापून फुगतं, आणि ते वाढलेलं तेल याच भोकातून टाकीत परत जातं.

खाली कॅलिपरमधल्या पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी कडं असतं. लोकांना वाटतं पिस्टन मागे ओढायला आत स्प्रिंग असेल. पॅडच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो खरा, पण पिस्टनला मागे घेण्याचं मुख्य काम हे कडंच करतं. पिस्टन पुढे जाताना ते थोडं पिळलं जातं, दाब गेला की मूळ आकारात येतं, आणि येताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढं मागे घेतं. तेवढ्याच फटीत डिस्क मोकळी फिरते. म्हणजे या रबराचं माप आणि त्याचा कडकपणा जरा जरी बदलला, तरी सगळं गणित बिघडतं.

आता कंपन्या हे रबर कुठलं वापरतात? डॉट फ्लुइडच्या ब्रेकमध्ये ईपीडीएम नावाचं रबर असतं. मिनरल ऑईलच्या ब्रेकमध्ये सर्वसाधारणपणे नायट्राईल, म्हणजे एनबीआर जातीचं. दिसायला दोन्ही काळीच, हातात घेऊन तुम्हाला मला ओळखू येणार नाहीत. रसायनशास्त्राचा नियम साधा आहे: सजातीय सजातीयात मुरतं. ईपीडीएम हे हायड्रोकार्बनचं बनलेलं, मिनरल ऑईलही हायड्रोकार्बनच. त्यामुळे ईपीडीएम मिनरल ऑईलमध्ये ठेवलं की ते तेल पिऊन मनुकेसारखं टम्म फुगतं. ग्लायकॉल मात्र त्याला शिवत नाही. नायट्राईलचं नेमकं उलट. त्याच्या रेणूंमध्ये असे गट असतात की पेट्रोल, तेल त्यात शिरू शकत नाही, पण ग्लायकॉल ईथर शिरतं, रबर फुगवतं आणि मऊ करतं. एकाला जे चालतं ते दुसऱ्याला चालत नाही, यातून मधली वाट निघत नाही.

दोन्ही दिशांच्या चुका सारख्या वेगानं दिसत नाहीत, हे लक्षात ठेवा. डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑईल गेलं तर ईपीडीएम पटकन फुगतं. मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट गेलं तर नायट्राईल सावकाश बिघडतं. आपल्याकडे ही दुसरी चूक जास्त होते, कारण उघड आहे. डॉट ३ आणि डॉट ४ प्रत्येक मोटारसायकलच्या दुकानात मिळतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा सायकलींवर शिमानो किंवा टेक्ट्रोचे मिनरल ऑईलवाले ब्रेक असतात. लिव्हर ढिली झाली म्हणून सायकलवाला शेजारच्या गॅरेजात जातो, गॅरेजवाला म्हणतो ब्रेक ऑईल कमी आहे, आणि बाटली उघडतो. त्याच्या अनुभवात ब्रेक ऑईल म्हणजे डॉटच, त्याला तरी काय दोष द्यायचा.

अशीच एक सायकल माझ्याकडे आली होती, शिमानोच्या मिनरल ब्रेकची. मालक म्हणाला, 'टॉप-अप केल्यावर आठवडाभर मस्त चालली, मग पुढचं चाक घासायला लागलं.' त्यानं चाक काढून घातलं, कॅलिपरचे बोल्ट ढिले करून मध्यावर आणून पुन्हा आवळले. तरी घासतच होतं. मी लिव्हर दाबून सोडली तर ती जागेवर यायला रेंगाळत होती. पॅड काढून पिस्टन प्लास्टिकच्या पट्टीनं मागे ढकलले, तर एक गेला आणि दुसरा हटून बसला. पिस्टनच्या कडेला ओलसर कड होती, म्हणजे सीलमधून गळती सुरू झाली होती. एवढ्यानंच संशय आला, पण संशयावर कुणाचा ब्रेक फेकून द्यायला सांगता येत नाही.

तेव्हा परीक्षा केली, आणि ही तुम्ही घरीही करू शकता. काचेच्या ग्लासात साधं पाणी घ्या. कॅलिपरचा ब्लीड निप्पल, म्हणजे तेल बाहेर काढायचं तोंड, उघडून तेलाचे थेंब सिरिंजमध्ये घ्या आणि त्यातला एक थेंब पाण्यावर सोडा. मिनरल ऑईल पाण्यावर तरंगतं, गोल चकती करून बसतं. ग्लायकॉल पाण्यात विरघळून जातं, क्षणात दिसेनासं होतं. त्या सायकलीचा थेंब पडला तेव्हा काही भाग विरघळला आणि वर तेलकट तवंगाचे ठिपके राहिले. मिसळ झाली होती. रंगावर विसंबू नका. शिमानोचं गुलाबी, मागुराचं निळं असतं हे खरं, पण जुनं तेल काळवंडतं आणि मग रंग काहीच सांगत नाही.

त्या ब्रेकमध्ये पुढे काय झालं असतं ते सांगतो, म्हणजे नुसतं घासणं हीच अडचण आहे असं वाटायला नको. लिव्हरमधलं सील फुगलं की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, म्हणजे ते बारीक भोक बंदच राहतं. आता अशी सायकल घेऊन सिंहगडावरून खाली निघालात. ब्रेक तापला, तेल फुगलं, टाकीत जायला रस्ता नाही. मग ते पॅडलाच ढकलतं. तुम्ही लिव्हर सोडलेली असते आणि ब्रेक आपोआप लागत जातो, त्यानं आणखी तापतो, आणखी आवळतो. पुढच्या चाकावर हे झालं तर काय होतं ते सांगायची गरज नाही. दुसरी शक्यता उलटी: मऊ झालेलं सील दाब धरत नाही आणि लिव्हर हँडलला टेकते. आवळेल की सुटेल, हे आधी सांगता येत नाही.

मग दुरुस्ती काय? आयसोप्रॉपिल अल्कोहोलनं धुऊन घेतलं तर चालेल का, असं मालकानं विचारलं. धातूचे भाग त्यानं स्वच्छ होतात. पण रबरात मुरलेलं द्रव अल्कोहोलनं निघत नाही, आणि निघालं तरी सील मूळ मापाचं होत नाही. म्हणून सगळी सील, टाकीचा रबरी पडदा आणि नळी बदलायची. पॅडवर द्रव उडालं असेल तर पॅडही. इथे कंपन्यांचा फरक पडतो. स्रॅमची सील आणि पिस्टनची किट बाजारात मिळतात. शिमानो आतली सील सुटी विकत नाही, त्यामुळे लिव्हर आणि कॅलिपर पूर्णच बदलावे लागतात. स्वस्त मॉडेल असेल तर नवा जोड घेणंच शहाणपणाचं. त्या मालकाला मी तेच सांगितलं, आणि त्याला ते आवडलं नाही.

कुठल्या ब्रेकमध्ये काय घालायचं, हे कंपनीच्या नावावरून ठरवू नका. पूर्वी ते बऱ्यापैकी चालायचं: शिमानो, मागुरा, टेक्ट्रो मिनरल, स्रॅम, हेज, होप डॉट. पण आता स्रॅमचाच मेव्हन ब्रेक, २०२४ साली आलेला, मिनरल ऑईलवर चालतो. फॉर्म्युलानंही आपल्या क्युरा ब्रेकमध्ये मिनरल घेतलं, आधीचे त्यांचे ब्रेक डॉटचे होते. म्हणून लिव्हरच्या टाकीच्या झाकणावर कोरलेलं वाचा, ते नसेल तर मॉडेल क्रमांकावरून कंपनीची पुस्तिका काढा. मोटारीतही ही धास्ती नवी नाही. सित्रोएननं १९६० च्या दशकात आपल्या गाडीचं द्रव बदलून खनिज तेल घेतलं, तेव्हा त्याचे भाग मुद्दाम हिरवे रंगवले, म्हणजे मेकॅनिकनं चुकून जुनं द्रव ओतू नये. सायकलवाल्यांनी हे कधी केलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

एक नावाचा सापळा जाता जाता सांगतो. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलचीच कुळं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं आहे, आकडा जवळचा असला तरी त्याचा ५.१ शी संबंध नाही. ते सायकलीत घालू नका.

मागून प्रश्न आला आहे: दोन्हीत चांगलं कुठलं? ग्लायकॉल हवेतली ओल शोषतं. कोऱ्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण साधारण पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर १५५ अंश टिकला तरी प्रमाणपत्राला पुरेसा. म्हणून ते ठरावीक काळानं बदलावं लागतं. मिनरल ऑईल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी वेगळं थेंब होऊन तळाशी, म्हणजे नेमकं तापणाऱ्या कॅलिपरमध्ये बसतं, आणि ते १०० अंशाला उकळतं. शिवाय मिनरल ऑईलला डॉटसारखं सामायिक मानक नाही, प्रत्येक कंपनीच्या तेलाचा दाटपणा वेगळा. म्हणून बेबी ऑईल घालण्याचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. ते मिनरल ऑईल आहे हे खरं, पण ब्रेकसाठी त्याची कुणी हमी घेतलेली नाही. मला विचाराल तर चांगलं-वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. ब्रेक विकत घेतलात तेव्हाच तेल ठरलं.

आणखी एक प्रश्न: 'दोन्ही प्रकारच्या सायकली घरात असतील, तर ब्रेकमधलं तेल बदलायला एकच ब्लीड किट चालेल का?' नाही. सिरिंजच्या दट्ट्यावरही रबर असतं, आणि नळीत, फनेलच्या कोपऱ्यात थेंबभर शिल्लक राहतंच. अख्ख्या ब्रेकमध्ये तेल असतं जेमतेम दोन-चार चमचे, त्यात तो थेंब काही अगदी नगण्य नाही. मी दोन किट ठेवतो, एकाला लाल टेप, एकाला पांढरी, आणि चिंध्यासुद्धा वेगळ्या. डॉटच्या किटजवळ पाण्याची बाटली ठेवतो, कारण डॉट रंगाला खातं. सायकलच्या फ्रेमवर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे धुऊन जातं. मिनरल ऑईल सांडलं तर रंगाला काही होत नाही, फक्त डिस्कवर आणि पॅडवर जाऊ देऊ नका.