बादली उचला: होर्डिंगवरचे शब्द

होर्डिंगवाल्याचं पहिलं भांडण फोन नंबराशी असतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. गाडी चालवणाऱ्यानं दहा आकडे वाचायचे, लक्षात ठेवायचे आणि स्टिअरिंग सोडून लिहूनही घ्यायचे? तरी ग्राहक म्हणतो, "एक लँडलाइनपण टाका." (हसू नका, तुमच्यातही असे दोघेतिघे असतील.)

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची जाहिरात घेऊ. हातात आलेला मजकूर असा: "पावसाळ्यापूर्वी आपल्या गच्चीला द्या संपूर्ण संरक्षण, दहा वर्षांची हमी, अनुभवी कारागीर, मोफत पाहणी, आजच संपर्क साधा." सोळा शब्द, शिवाय नंबर.

बोर्ड 12 मीटर रुंद, 6 मीटर उंच. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर पुढे जाते. सहज वाचायचं तर दर मीटर अंतराला साधारण आठ मिलिमीटर उंचीचं अक्षर हवं. 100 मीटरवरून वाचायला 80 सेंटिमीटरचं. शेवटच्या 20 मीटरांत बोर्ड डोक्यावर जातो. म्हणजे हाती पाच सेकंद, आणि त्यातही नजर रस्त्यावर असते. अर्ध्या बोर्डावर चित्र ठेवून उरलेल्या जागेत ते सोळा शब्द कोंबले, तर अक्षर 30 सेंटिमीटरवर येतं. ते 37 मीटरवर लागतं आणि एका सेकंदात मागे पडतं.

आता कात्री लावू. गळती शब्दांत सांगायची नाही; एक बादली आणि पडणारा थेंब दाखवायचा. मजकूर: "आता बादली उचला." खाली कंपनीचं नाव आणि 'वॉटरप्रूफिंग'. "गच्ची गळतेय?" लिहिलं असतं तर चित्रातलीच गोष्ट परत सांगितली असती. हमी, कारागीर, पाहणी हे पत्रकावर जाऊ दे.

चिठ्ठी आलीय, दोन मिनिटं उरलीत. आणि अक्षरांवर बोलायचं कबूल केलं होतं! तर भराभर सांगतो. फार जाड टाइप घेतला की लांबून ब च्या पोटातली रेघ बुजते आणि बादलीची 'वादली' होते. घ-ध, भ-म यांचंही तेच. मध्यम जाडीचा, आतून मोकळा टाइप घ्या. फार बारीक घेतलात तर वेलांटी, रफार आधी गायब होतात. अक्षरं सुटी करायला जाऊ नका, शिरोरेखा तुटते. ओळींमध्ये मात्र वरच्या-खालच्या मात्रांना जागा सोडा.

रंगांसाठी डिझाइन काळं-पांढरं करून बघा. लाल आणि हिरवा एकाच करड्यात मिसळले, तर जोडी बदला.

शेवटची परीक्षा: डिझाइन सात सेंटिमीटर रुंद छापा, हातभर लांब धरा. शंभर मीटरवरून बोर्ड एवढाच दिसतो. ज्यानं ते पाहिलेलं नाही अशा माणसाला दोन सेकंद दाखवून झाका. "परत दाखव" म्हणाला, तर अजून एक शब्द काढा.